मदत हवी आहे: १००० हर्ट्झचा सूर ५ मिलिसेकंदांचा केला, तर ८०० ते १२०० कुठून आले?

पूर्णाकाठ (परभणी):
नमस्कार मंडळी. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. कॉलेजात ध्वनीवर एक प्रयोग मांडायलोय. Audacity मध्ये Generate > Tone वापरून १००० हर्ट्झचा साइन सूर केला. एक सेकंदाचा सूर घेऊन Plot Spectrum बघितलं तर १००० वर टोकदार सुळका. इथपर्यंत ठीक. मग त्याच सुराचा फक्त ५ मिलिसेकंदांचा तुकडा ठेवला, मागंपुढं शांतता जोडली आणि परत बघितलं. सुळका गेला, त्याच्या जागी ८०० पासून १२०० पर्यंत पसरलेलं टेकाड आलं आणि दोन्ही बाजूंना लहान लहान उंचवटे. वाजवून बघितलं तर सूर कुठला, नुसतं 'टक्'. मी तर १००० शिवाय काहीच टाकलं नव्हतं. पल्स जितकी आखूड तितकी बँडविड्थ, म्हणजे फ्रिक्वेन्सीची रुंदी, जास्त, हे सूत्र मला पाठ आहे, पण कारण काही कळंना. कुणी सांगता का?

सेलू_इलेक्ट्रॉनिक्स:
ही एफएफटीची, म्हणजे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढणाऱ्या गणिताची, करामत आहे भाऊ. एफएफटी ठरावीक नमुन्यांवर चालते, कडेला सिग्नल तुटला की शेजारच्या फ्रिक्वेन्सींत गळती होते. तुकड्याला सुरुवातीला आणि शेवटी हळूहळू चढउतार दे, सगळं जागेवर येईल. खरा सिग्नल १००० चाच आहे.

गेवराईकर:
आमच्याकडे संध्याकाळी नेट फारच मंद चालतं, कंपनीवाले सांगतात बँडविड्थ कमी आहे. इथं तीच बँडविड्थ म्हणताय का? आमच्यासाठी काही उपाय असेल तर सांगा.

पूर्णाकाठ:
दादा, इथं इंटरनेटचं नाही, आवाजाचं चाललंय. सेलूवाले दादा, गळतीच असेल तर ती ओळखायची कशी?

उदगीरकर (निवृत्त):
माझी नोकरी रडारच्या सिग्नल विभागात गेली, म्हणून लिहितो. गळती ओळखायची सोपी खूण आहे. Plot Spectrum मधला Size बदल. ८१९२ ठेव, मग १६३८४, मग ३२७६८. तुकडा आणि शांतता दोन्ही निवडीत राहू देत. टेकाड एफएफटीमुळे आलं असेल तर Size वाढवल्यावर ते अरुंद होईल. तुझ्या एक सेकंदाच्या सुरात तसं होताना दिसेलही, तेवढ्यापुरतं सेलूवाल्यांचं बरोबर. पण ५ मिलिसेकंदांच्या तुकड्याचं टेकाड हलणार नाही. ८०० आणि १२०० वरच्या खाचा तिथंच राहतील. त्या तुकड्याच्याच आहेत.

आता कारण बघ. ५ मिलिसेकंदांत १००० हर्ट्झची पाच आवर्तनं होतात. १०५० ची सव्वापाच. म्हणजे तुकडा सुरू होऊन संपेपर्यंत दोघांमध्ये पाव आवर्तनाचाच फरक पडतो. दोन्ही मध्यावर जुळवून ठेवले तर ते सुमारे नव्वद टक्के एकमेकांशी जुळतात. एवढ्या वेळात '१०५० इथं नाही' असं म्हणायला सिग्नलमध्ये काही घडतच नाही. ११०० ला साडेपाच आवर्तनं, जुळणी उतरते, पण सुमारे चौसष्ट टक्के उरतेच. १२०० ला पूर्ण सहा. आता अख्ख्या आवर्तनाचा फरक झाला. काही भागात जे जुळतं तेच उरलेल्या भागात उलटं पडतं आणि बेरीज शून्य येते. खाच १२०० वर का, तर एवढ्यासाठी. फरक एका आवर्तनाचा व्हायला जितका वेळ लागतो, तितकाच तुझा तुकडा लांब आहे. तुकडा १० मिलिसेकंदांचा केलास तर खाचा ९०० आणि ११०० वर सरकतील. करून बघ.

पूर्णाकाठ:
सर, केलं. Size बदलून खाचा हलल्या नाहीत, आणि १० मिलिसेकंदांना बरोबर ९०० आणि ११०० वर आल्या! पण एक शंका राहिली. 'जुळतं' म्हणजे ती फ्रिक्वेन्सी खरंच आत आहे, असं कसं म्हणायचं?

उदगीरकर (निवृत्त):
प्रश्न रास्त आहे. आता उलट्या बाजूनं जा. शुद्ध १००० हर्ट्झला सुरुवात नाही आणि शेवट नाही, तो कायम चालूच असतो. तुझ्या फाइलमध्ये मात्र तुकड्याच्या आधी आणि नंतर शांतता आहे. तिथं १००० ला गप्प कोण करतंय? शेजारच्या फ्रिक्वेन्सी. त्या तुकड्यात त्याच्या साथीला असतात आणि बाहेर एकमेकींना खोडून काढतात. हे स्वतः बांधून बघ:

```
import numpy as np
import matplotlib.pyplot as plt
t = np.arange(-0.15, 0.15, 1/44100)
y = sum(np.cos(2*np.pi*f*t) for f in range(900, 1101, 10))
plt.plot(t, y)
plt.show()
```

दहा-दहा हर्ट्झवर एकवीस सूर, एकही कुठं थांबत नाही. तरी बेरजेत शून्यापाशी ठळक पल्स दिसेल, आणि साधारण पावणेपाच मिलिसेकंदांवर ती शून्याला येईल. दर १०० मिलिसेकंदांनी मात्र ती परत उगवेल, कारण १० हर्ट्झच्या अंतरावरचे सगळे सूर तेवढ्या वेळानं पुन्हा एकत्र येतात. पल्स एकदाच हवी तर मधल्या सगळ्या फ्रिक्वेन्सी भराव्या लागतात. आता range(980, 1021, 10) करून बघ. पाचच सूर उरले, खोडायला जोर कमी, पल्स फुगून दोन्हीकडं २० मिलिसेकंदांवर गेली.

सेलू_इलेक्ट्रॉनिक्स:
सर, Size ची खूण मान्य. पण चढउतार दिल्यावर बाजूचे उंचवटे खरोखर जवळजवळ नाहीसे होतात, हे मी स्वतः बघितलंय.

उदगीरकर (निवृत्त):
होतात, त्यात वाद नाही. ते उंचवटे अचानक तोडल्यामुळे येतात, आणि 'टक्' मधला तिखटपणाही बराचसा त्यांचाच. पण मधल्या टेकाडाकडं बघा. त्याच ५ मिलिसेकंदांवर हान आकाराचा, म्हणजे कोसाइनसारखा मऊ, चढउतार दिला तर खाचा ६०० आणि १४०० वर जातात. कडा मऊ केल्या की पल्सचा जोरकस भाग आणखी थोड्या वेळात मावतो, म्हणून टेकाड रुंदावतं. लांबचं कमी करायचं तर जवळचं वाढतं. १९४६ साली भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबोरनं वेळेतला पसारा आणि फ्रिक्वेन्सीतला पसारा यांच्या गुणाकाराची तळाची मर्यादा मांडली, घंटेच्या आकाराची पल्स तिथं पोचते. त्याखाली कुणालाच जाता येत नाही.

लातूरची_सोनोग्राफर:
माझा रोजचा संबंध याच गोष्टीशी येतो, म्हणून सांगते. पोटाच्या तपासणीला आम्ही साडेतीन मेगाहर्ट्झचा प्रोब वापरतो. समजा पल्स दोनच आवर्तनांची आहे. ती ०.५७ मायक्रोसेकंद चालते, शरीरात तिची लांबी जेमतेम ०.९ मिलिमीटर, आणि एकामागं एक असलेले दोन थर साधारण त्याच्या निम्म्या अंतरावरही वेगळे दिसतात. प्रोबच्या स्फटिकामागं मुद्दाम दमन करणारा थर असतो, नाहीतर तो बराच वेळ कंप पावत राहतो आणि थर एकात एक मिसळतात. पण रक्ताचा वेग बघायला डॉप्लर लावला की मशीन लांब पल्स सोडतं. तिथं फ्रिक्वेन्सीतला बारीक फरक ओळखायचा असतो, जागा थोडी पुसट झाली तरी चालते.

सर, एक विचारू का? मग रुंद फ्रिक्वेन्सी असली की पल्स आखूडच असते का?

उदगीरकर (निवृत्त):
नाही ताई. आखूड पल्सला रुंदी लागतेच, पण उलट खरं नाही. सगळे सूर एकाच क्षणी जुळले तरच पल्स आखूड. ते मागंपुढं सरकवले की तीच रुंदी लांबलचक चिर्पमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सी सरकत जाणाऱ्या सुरात, पसरते. रडारमध्ये आम्ही अशीच लांब चिर्प सोडून परत आल्यावर आवळायचो.

पूर्णाकाठ:
सर, शेवटचं. १५ मिलिसेकंदांचा तुकडा ऐकवल्यावर माझ्या बहिणीला, ती गाणं शिकते, सूर ओळखू आला. तिनं तो दोनदा नेमका गाऊन दाखवला. टेकाड तर अजून १३० हर्ट्झपेक्षा जास्त पसरलेलं होतं.

उदगीरकर (निवृत्त):
टेकाड रुंद असलं तरी त्याचा मध्य नेमका सापडू शकतो, विशेषतः आत एकच सूर आहे हे माहीत असेल तर. रुंदीमुळे अडतं ते शेजारचे दोन सूर वेगळे करताना. १००० आणि १०३० एकत्र वाजवून १५ मिलिसेकंदांचा तुकडा तिला ऐकव. कानाच्या आत हे नेमकं कसं ठरतं, ते मला पुरतं सांगता यायचं नाही. धाग्यावर कुणी कानाचे डॉक्टर असतील तर लिहावं.

पूर्णाकाठ:
आज रात्रीच ऐकवतो, काय होतंय ते इथंच लिहीन.