लक्ष्मीपूजनाची चुकलेली तारीख

‘नुसता पंचांगाचा दाखला दिला तर संपादक दाद देत नाहीत.’

खरंय, म्हणून सरकारी अधिसूचनाही जोडा. २०२४च्या सुट्ट्यांच्या यादीत आमच्याकडच्या पेपरने लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला छापलं होतं. मी पत्रात पान क्रमांक, छापलेली ओळ आणि राज्य शासनाच्या यादीतली १ नोव्हेंबर ही तारीख एकाखाली एक लिहिली. मग कारण: अमावास्या दोन्ही संध्याकाळी होती, १ तारखेला मुंबईत सूर्यास्तानंतर सुमारे दहा मिनिटंच, पण अशा वेळी आपली पंचांगं दुसरा दिवस धरतात. ३१ तारीख इतर अनेक राज्यांत बरोबरच होती, त्यामुळे ‘महाराष्ट्रापुरती चूक’ असे शब्द मुद्दाम वापरले. चौथ्या दिवशी दुरुस्ती छापून आली.