बाबांना ऑनलाइनसाठी तयार केलं, आणि ४० पैकी १३ जोड परत आले. आता बंद करू की चालू ठेवू?

चप्पललाईनची_पोरगी:
पुण्यात सहा वर्षं मार्केटिंगची नोकरी केली, गेल्या वर्षी सोडून कोल्हापूरला परत आले. आजोबांपासून आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. बाबांचा ऑनलाइनला ठाम नकार. "पाय बघितल्याशिवाय पायताण द्यायचं नाही," एवढंच म्हणायचे. दोन महिने वाद घातला. शेवटी म्हटलं, ४० जोड मी रोखीनं घेते, बुडाले तर माझे. मग गप्प बसले.

एका मोठ्या साइटवर ११५० ला लावले. मला जोड पडतो ७०० ला, खोका २५. साइटचं कमिशन आणि पाठवणी मिळून २६० च्या आसपास, जीएसटीचे ५५. राहिले ११०. दुकानात बाबांना जोडामागे अडीचशे सुटतात. ४० पैकी २७ टिकले, १३ परत. परत आलेल्या प्रत्येकावर १७५ गेले, आणि त्यातले दोन घालून फिरवलेले, ते आता विकायच्या लायकीचे नाहीत. सगळं धरून सातशे रुपये तोटा.

बाबा "सांगितलं होतं" असं म्हणत नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो. तुम्ही काय कराल?

निपाणीकर:
बंद करा. वडील बरोबर आहेत. मी तीस वर्षं कोल्हापूरला येऊन चप्पल घेतो, दुकानदार पायाकडे बघूनच जोड काढतो. फोटो बघून कोल्हापुरी घेणाऱ्याला मुळात कोल्हापुरी नकोच असते. शिवाय २७ जोडांचे मिळालेच किती? २९७०. तेवढ्यासाठी घरात दोन महिने भांडण?

गोदामवाला:
मी नऊ वर्षं ऑनलाइन पादत्राणं विकतोय, कोल्हापुरीही विकल्यात. निपाणीकरांशी सहमत नाही, पण ताईंच्या हिशोबाशीही नाही. १३ परत आले हा आकडा सांगून उपयोग नाही. *का* परत आले ते बघा. परतीचं कारण साइट दाखवते. माझा अंदाज, निम्म्याहून जास्त "लहान होते" असंच निघेल.

कारण साधं आहे. दुकानात तुमचे बाबा काय सांगतात? "घट्टच घ्या, आठवड्यात बसेल." अंगठ्याची कडी आणि वरची पट्टी सुरुवातीला आवळते, मग कातडं पायाप्रमाणे सैल होतं. ऑनलाइन गिऱ्हाईक बुटाचा ८ नंबर मागवतं, घरात दोन पावलं टाकतं, टोचलं की परत. माल खराब नसतो. दुकानात बाबा जे तोंडानं बोलतात ते वाक्य तुमच्या पानावर नाही.

दुसरं, नंबर. प्रत्येक कारागिराचा साचा वेगळा, त्यामुळे एकाचा ८ म्हणजे दुसऱ्याचा साडेसात. नंबर काढून टाका, तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या. गिऱ्हाइकाला सांगा: संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, टाच भिंतीला लावून कागदावर उभे राहा, सर्वात लांब बोटापुढे खूण करा, पट्टीनं मोजा. पायाचा फोटो मागू नका. तिरपा काढला की माप चुकतं.

कायदेपंडित_४०:
जीएसटीचे ५५ का भरताय? २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला ऑनलाइन विकायला नोंदणी लागत नाही. ४० लाखांपर्यंत मोकळीक आहे.

गोदामवाला:
अर्धं बरोबर. ती सवलत १ ऑक्टोबर २०२३ पासून आहे, पण माल राज्याबाहेर जाणार नसेल तरच. ताईंचा माल बंगळूरला जात असेल तर नाही. गंमत बघा, निपाणीकर कोल्हापूरला येऊन चप्पल घेतात तेव्हा ती इथलीच विक्री, पण तीच चप्पल ४० किलोमीटरवर निपाणीला पार्सल केली की परराज्याची झाली.

ताई, एक विचारतो. बाबा जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे विक्रीवर सरळ १ टक्का भरायच्या योजनेत असतील ना? मग ही विक्री त्यांच्या नावावर करू नका. कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल पाठवता येत नाही. एक पार्सल गेलं तरी १ टक्क्याची सोय जाते आणि सगळ्या दुकानाचा हिशोब बदलतो.

चप्पललाईनची_पोरगी:
हो, कंपोझिशनच. नोंदणी माझ्या नावावर वेगळी आहे. सीएंनी सांगितलं होतं, पण एवढं नीट कळलं नव्हतं.

परतीची कारणं काढली. १३ पैकी ८ "लहान". तीन पार्सलं दारातून परत, पैसे घरी देतो म्हणणारी. दोन "रंग फोटोसारखा नाही".

सांगलीची_चटणीवाली:
मी शेंगदाण्याची चटणी आणि काळा मसाला पाठवते, महिन्याला दोनशे पाकिटं. एकही परत येत नाही! माझं मत, फोटो चांगले काढा आणि गिऱ्हाइकांशी आपुलकीनं बोला.

निपाणीकर:
चटणी पायात घालायची नसते हो.

सांगलीची_चटणीवाली:
😄 ते खरं. पण पैसे घरी घेणं मी पहिल्या महिन्यातच बंद केलं. पार्सलं निम्मी झाली, दारातून परत येणं थांबलं. हे तरी चपलेला लागू पडेल.

कागलचा_सुतळ्या:
आमच्या घरात चौथी पिढी चप्पल बनवते, म्हणून कारागिराच्या बाजूनं बोलतो. त्या साइटवर "कोल्हापुरी" शोधून बघा. पहिल्या पानावर तीनशेची रेक्झिनची. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे. पण फोटोत कातडं आणि रेक्झिन सारखंच दिसतं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं हातात घेतल्याशिवाय वासानं कळत नाही. ताईंची ११५० ची चप्पल तिथं महाग दिसणारच. मग भाव पाडायचा आणि पाडलेला भाव शेवटी आमच्या मजुरीतून निघायचा. हे तुमच्या हिशोबात कुठं दिसत नाही. मी म्हणतो साइट सोडा, व्हॉट्सॲपवर विका.

गोदामवाला:
व्हॉट्सॲपवर नवं गिऱ्हाईक येणार कुठून? साइट शंभर अनोळखी माणसांसमोर नेते. दोन्ही ठेवा, मात्र साइटच्या खोक्यात "पुढच्या वेळी थेट आमच्याकडे मागवा" अशी चिठ्ठी घालू नका. बहुतेक साइटना ते चालत नाही आणि खातं बंद झालं की गेलं.

आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, बुरशी धरते. वर्तमानपत्रात गुंडाळा.

कागलचा_सुतळ्या:
अनोळखी शंभर माणसं तीनशेचीच घेऊन जातात. ह्यावर आपलं जमणार नाही.

चप्पललाईनची_पोरगी:
सहा आठवड्यांनी लिहितेय. साइटवर ठेवलंय, पण नंबर काढले, सेंटिमीटर टाकले, पैसे आधी. वर ठळक लिहिलं: "पहिला आठवडा आवळेल." १६ पैकी तीन परत. अजून जास्तच आहेत.

व्हॉट्सॲपवर २२ जोड गेले, एक परत. तिथं मी बोलत नाही, बाबा बोलतात. एका बाईंनी व्हिडिओ कॉल करून पाय दाखवला, बाबा चष्मा लावून म्हणाले, "डावा जरा मोठा आहे, डाव्याच्या मापानं घ्या." ती बाई हसायलाच लागली, पण जोड बसला.

अडचण आता वेगळीच. एका कॉलला वीस मिनिटं जातात आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असतं. काल बाबांनी विचारलं, "ह्या वीस मिनिटांचे तुझ्या हिशोबात किती धरलेस?" मी धरलेच नव्हते.

निपाणीकर:
मग धरा. आणि दुकानात मी उभा असेन तेव्हा फोन बंद ठेवायला सांगा त्यांना.