औषधाची चिठ्ठी आणि रशियन भाषांतर

"मुलगा कझानला एमबीबीएसला आहे, फिटच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि प्रिस्क्रिप्शन इथूनच रशियनमध्ये करून द्यावं का?"

आधी मूळ कागद नीट करा, भाषांतर मग. आपल्या चिठ्ठीवर ब्रँडचं नाव आणि '1-0-1' एवढंच असतं. तो ब्रँड तिकडच्या दुकानदाराला कळणार नाही. डॉक्टरांना लेटरहेडवर स्वच्छ टाइप करून द्यायला सांगा: लेवेटिरासिटाम 500 मिलिग्रॅम, सकाळी एक, रात्री एक, 90 दिवसांसाठी एकूण 180 गोळ्या. आजाराचं नाव, सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबरही हवा. सोबत नेणार असलेल्या गोळ्या आणि कागदावरचा आकडा जुळला पाहिजे.

भाषांतरात नाव सगळ्यात जास्त चुकतं. 'ज्ञानेश्वर' रशियनमध्ये चार तऱ्हांनी लिहिता येतं. व्हिसावर नाव रशियन लिपीतही छापलेलं असतं, तेच अक्षरन् अक्षर घ्यायला सांगा. नाहीतर विद्यापीठाच्या कचेरीत दोन वेगळी माणसं ठरतात!

विद्यापीठासाठीचं सर्टिफिकेट कझानलाच करून घेतलेलं बरं. तिथला नोटरी भाषांतरकाराची सही प्रमाणित करतो. मजकूर बरोबर आहे की नाही हे तो बघत नाही, म्हणून आकडे मुलानेच ताडून बघावेत.

पण चिठ्ठीत क्लोनाझेपामसारखी नियंत्रित गोळी असेल तर गोष्ट वेगळी. कस्टम्सला कागद उतरल्या उतरल्याच दाखवावा लागतो, त्यामुळे प्रमाणित भाषांतर निघण्यापूर्वीच हातात हवं. कुठलं प्रमाणीकरण चालेल ते मुंबईच्या रशियन वकिलातीत विचारून घ्या.