ऑप्शन इंट्रिन्सिकच्या खाली दिसला म्हणजे फुकटचा पैसा का?

मिलिंद_ठाणे: निफ्टी 25,000 धरा, फ्युचर 25,130, एक्सपायरीला 30 दिवस. 26,000 चा पुट 905 ला. इंट्रिन्सिक, म्हणजे आत्ताच्या भावाने स्ट्राइकशी असलेला फरक, सरळ 1,000. क्लासमध्ये सांगितलं की ऑप्शन इंट्रिन्सिकखाली गेला तर कोणीतरी बिनधोक नफा उचलतो म्हणून तो जातच नाही. मग हे 95 पॉइंट कोणी उचलत का नाही?

काळेसाहेब: नियम शंभर टक्के बरोबर आहे, तुझा भाव चुकीचा असणार. डीप आयटीएममध्ये दिवसदिवस सौदे होत नाहीत, स्क्रीनवर सकाळचा शेवटचा भाव लटकत राहतो आणि तोवर निफ्टी शंभर पॉइंट हललेला असतो. सेलरची ऑफर बघ, ती 1,000 च्या वरच असेल. खरंच 905 ला कोणी देत असेल तर घे, लगेच एक्सरसाइज कर, विषय संपला.

मिलिंद_ठाणे: काका, ऑफरच 905 धरलीय, शेवटचा भाव नाही.

फ्युचरवाली: शिळ्या भावाचं बरोबर आहे, पण "लगेच एक्सरसाइज" कसं करणार काळेसाहेब? निफ्टीचा ऑप्शन युरोपियन आहे, एक्सपायरीच्या आधी बटणच नाही, आणि स्टॉक ऑप्शनसुद्धा एनएसईवर जानेवारी 2011 पासून तसेच झालेत. अमेरिकेतल्या शेअरच्या ऑप्शनला क्लासमधला नियम जसाच्या तसा लागू पडतो, कारण तिथे आज पुट घेतला, आज शेअर घेतला, आज एक्सरसाइज केला की फरक आजच हातात. आपल्याकडे तो फरक महिन्याने मिळणार, आणि सगळा खेळ त्या महिन्याचा आहे.

मिलिंद, करूनच बघ. 905 चा पुट घे आणि सोबत 25,130 ला फ्युचर घे. एक्सपायरीला निफ्टी 26,000 च्या खाली कुठेही असू दे, पुट आणि फ्युचर मिळून बरोबर 870 येतात. तू दिलेत 905. म्हणजे 35 चा तोटा, आणि निफ्टी 26,035 च्या वर गेला तरच फायदा. यात बिनधोक काहीच नाही.

काळेसाहेब: फ्युचर कशाला? 25,000 च्या भावाने निफ्टीचा ईटीएफ घ्या ना! 25,905 गेले, महिन्याने किमान 26,000 आले. 95 पक्के.

फ्युचरवाली: पक्के आहेत, मान्य. पण 25,905 महिनाभर अडकवून 95 म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार टक्के, डिव्हिडंड आला तर थोडे जास्त. आणि ते पैसे उसने आणून करायला गेलात तर व्याजच जास्त पडेल. म्हणून कोणी धावत नाही. युरोपियन पुटचा खरा तळ स्पॉटवरून नाही, त्याच एक्सपायरीच्या फ्युचरवरून काढायचा, इथे तो 870 च्या किंचित खाली आहे. हाच पुट 820 ला मिळाला असता तर मात्र पुट अधिक फ्युचरमध्ये खर्च जाऊनसुद्धा चाळीसेक पॉइंट उरले असते आणि ती ऑफर डोळ्यांनी दिसायच्या आत गेली असती.

कॉलचं उलटं आहे. 24,000 चा कॉल 980 ला मिळाला तर तो घेऊन 25,130 ला फ्युचर विकला की कमीत कमी 150 पॉइंट लॉक. म्हणून असा कॉल तुला 1,120 च्या आसपास किंवा वरच दिसेल. फ्युचर स्पॉटच्या खाली असेल, म्हणजे मोठा डिव्हिडंड वगैरे येणार असेल, तर कॉलसुद्धा इंट्रिन्सिकखाली दिसतो आणि त्यातही काही गैर नसतं.

सांगलीचा_अमित: हे सगळं कागदावर. माझा एका शेअरचा 500 चा कॉल होता, एक्सपायरीच्या दिवशी शेअर 540, तरी 39 च्या वर बायर नाही. तिथे व्याज कुठून आलं? मी नाईलाजाने 39 ला विकला. मला तर हा शुद्ध लुटालुटीचा प्रकार वाटतो.

फ्युचरवाली: अमितदादा, तुमची केस वेगळी आहे. शेअर ऑप्शन आता डिलिव्हरीने सेटल होतात, शेवटचे चार दिवस आयटीएम बायरकडून वाढतं मार्जिन घेतात, एक्सरसाइजवर एसटीटी वेगळा. डिलिव्हरी नको असलेला प्रत्येक जण बाहेर पळतो. तुमच्याकडून 39 ला कॉल घेऊन 540 ला फ्युचर विकणाऱ्याला एक रुपया मिळतो, त्यातून त्याचा खर्च आणि त्रास वजा करा.

सांगलीचा_अमित: मग कॉल आणि फ्युचर एकमेकांत वळते होतात ना? त्याला शेअर द्यावे-घ्यावे लागत नाहीत. खर्च जाऊनही चाळीस-पन्नास पैसे राहतात. ते का नाही उचलले कोणी?

फ्युचरवाली: सेटलमेंटला वळते होतात, हो. पण त्या स्ट्राइकला समोर किती क्वांटिटी होती, फ्युचर नेमका 540 लाच विकता आला असता का, हे त्या वेळची मार्केट डेप्थ बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

काळेसाहेब: फ्युचरवरून तळ काढायचं पटलं. पण एका रुपयाला तुम्ही "खर्च" म्हणता आणि पन्नासला "आर्बिट्राज", मधली रेघ कुठे? छोट्या ट्रेडरला तीन रुपयेही परवडत नाहीत आणि प्रॉप डेस्कला पंचवीस पैसे पुरतात.

फ्युचरवाली: मग रेघ प्रॉप डेस्कचीच धरायची, भाव तेच जागेवर आणतात.

सांगलीचा_अमित: त्या दिवशी कुठे होते मग ते?