मैत्रिणीचा निबंध तपासताना ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्यायचं का?

देवगडकरीण
एस.वाय.ला आहे, विषय इतिहास. वर्गात एकमेकींचे निबंध वाचून पानभर लेखी अभिप्राय द्यायचा होता. मैत्रिणीचा निबंध: '१७५६ साली पेशव्यांनी मराठा आरमार बुडवलं'. मी लाल पेनाने एकतीस चुका काढल्या, जवळजवळ सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या. बाईंनी 'हा अभिप्राय नव्हे' म्हणून कागद परत दिला. निबंध मला पटलाय, मग लिहू काय?

जुना मास्तर
आधी तिचा दावा तुझ्या शब्दांत एका वाक्यात लिही. इथे 'बुडवलं' हा शब्द महत्त्वाचा. बुडवलं म्हणजे ठरवून केलं. आता तिने दिलेला पुरावा कशाचा आहे ते बघ.

देवगडकरीण
तिने लिहिलंय की पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी करार केला, वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि आंग्र्यांची गलबतं जळाली. शेवटी 'तेव्हापासून मराठा आरमार संपलं'. आधार म्हणून किल्ल्यावरच्या गाइडने सांगितलेलं.

जुना मास्तर
म्हणजे दोन जागी भोक आहे. करार झाला, हल्ला झाला, हे खरं. पण आग लागली ती इंग्रजांच्या तोफगोळ्याने पेटलेल्या एका जहाजावरून, असं इंग्रजांच्याच वृत्तांतात आहे. त्यावरून पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांना हाताशी धरलं एवढं सिद्ध होतं. गलबतं जळावीत हाच त्यांचा हेतू होता, हे होत नाही. हेतू म्हणायचा तर पेशव्यांच्या बाजूचा कागद हवा. गाइडचं सांगणं 'लोक आज काय मानतात' याचा पुरावा आहे, १७५६ चा नव्हे.

दुसरं भोक मोठं. १७८३ साली आनंदराव धुळपांनी विजयदुर्गाच्याच आरमारानिशी रत्नागिरीजवळ इंग्रजांचं 'रेंजर' पकडलं. संपलेल्या आरमाराने सत्तावीस वर्षांनी जहाज कसं पकडलं, हा प्रश्न तिला विचार. उत्तर सांगू नकोस. आंग्र्यांचं संपलं की मराठ्यांचं, हे तिनेच ठरवावं.

मुद्रितशोधक
मास्तर, माझा विरोध नोंदवा. तेवीस वर्षं प्रुफं वाचतोय. शुद्धलेखन ढिलं असलं की पुरावाही ढिला असतो. एका मुलाच्या लेखात 'सुवर्णदुर्ग'ऐवजी 'सिंधुदुर्ग' छापलं गेलं आणि १७५५ चा हल्ला हर्णैवरून थेट मालवणात जाऊन बसला. अक्षरांचा घोळ म्हणून सोडून द्यायचं?

जुना मास्तर
ते सोडायचं नाही, पण ते शुद्धलेखनही नाही. किल्ला बदलला की पुरावा बदलतो, म्हणून त्यावर लिहायचंच. 'किल्ला'चा 'कील्ला' झाला तर १७५५ जागचं हलत नाही. आणि ज्या मोडी कागदांवर हा इतिहास उभा आहे, त्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद कुठे पाळलाय?

मुद्रितशोधक
मोडीत चालायचं म्हणून उत्तरपत्रिकेत चालत नाही. परीक्षक गुण कापतो.

हर्णैचा खारवी
पेशव्यांवर खापर फोडायची फॅशन झालीय. तुळाजी कुणाचं ऐकत नव्हता ते कोण लिहिणार?

सातवीची ताई
दादा, इथे पेशव्यांचा निकाल लागत नाहीये, कागद कसा तपासायचा ते चाललंय. पण तुमचं वाक्य अभिप्रायात चालेल: 'पेशव्यांनी हे का केलं असेल याची दुसरी बाजू निबंधात नाही.'

माझंही सांगते. बी.एड.ला मैत्रिणीने माझ्या निबंधावर लिहिलं होतं, 'छान, अजून पुरावे हवेत.' कुठे, कशाला, काही नाही. मी दोन उतारे आणखी चिकटवले आणि निबंध आणखी बिघडला. म्हणून परिच्छेदाचा नंबर घालून लिही.

देवगडकरीण
असं लिहिलंय, बघा:

'तुझा दावा मला असा कळला: पेशव्यांनी जाणूनबुजून आरमार नष्ट करवलं. दुसऱ्या परिच्छेदातला करार त्यांची इंग्रजांशी हातमिळवणी नीट दाखवतो, तो ठेव. पण गलबतं जाळायचं त्यांनी ठरवलं होतं, हे तिथून कळत नाही. चौथ्यात गाइडशिवाय आधार नाही. आणि १७८३ मध्ये धुळपांनी रेंजर पकडलं, मग "संपलं" म्हणजे नक्की कुणाचं?'

सातवीची ताई
करार ठेव म्हणालीस ते बरं केलंस, नाहीतर ती घाबरून तोच काढून टाकेल.

मुद्रितशोधक
चांगलंय. तरी खाली एक ओळ टाक: 'वेलांट्या एकदा तपास.' एकच.

जुना मास्तर
मी तीही टाकली नसती. ती आधी तीच ओळ वाचेल आणि रात्रभर वेलांट्या दुरुस्त करत बसेल.

देवगडकरीण
सर, ती आत्ताच विचारतेय, शीर्षक बदलू का. शुक्रवारी द्यायचाय.