मदत हवी आहे: मृत्युपत्रात ‘हयातीपर्यंत’ हा शब्द सरकला, आईच्या हक्काला धक्का लागेल का?

रामबागवाली
नमस्कार. आम्ही इंदूरचे. बाबांनी (वय ७४, तब्येत नि डोकं दोन्ही ठणठणीत) वहीत हाताने मृत्युपत्र लिहिलं, हट्टाने मराठीतच. वहीतलं वाक्य असं:

“राहते घर व तिच्या हयातीपर्यंत दुकानाचे भाडे पत्नीला मिळावे.”

मावसभावाने टाईप करताना वाक्य ‘सुधारलं’:

“तिच्या हयातीपर्यंत राहते घर व दुकानाचे भाडे पत्नीला मिळावे.”

बाबांनी न वाचताच सही केली, दोन साक्षीदारांच्याही सह्या झाल्या. दादा म्हणतो, शब्द तेच आहेत, उगाच कीस काढू नकोस. मला काहीतरी खटकतंय, पण नेमकं सांगता येत नाही.

छावणीचा_राजू
ताई, आमच्याकडेपण असंच झालं होतं. आजोबांच्या नावात ‘राव’ राहून गेला. नोटरीकडे शपथपत्र केलं, काम झालं. टेन्शन नका घेऊ.

लश्करकर
राजूभाऊ, तुमचं प्रकरण वेगळं. माणूस कोण हे ठरलेलं होतं, फक्त नाव चुकलं होतं. इथे काय मिळणार हेच बदललंय. (मी ग्वाल्हेरला तीस वर्षं दिवाणी वकिली केली, आता घरीच असतो.)

ताई, सराफ्यात कोणी सांगितलं, “पोहे आणि गरम जिलबी दे”, तर पोहे गार आले तरी तक्रार करता येत नाही. “गरम पोहे आणि जिलबी” म्हटलं की ‘गरम’ फक्त पोह्यांना की दोन्हींना, यावर भांडता येतं. तुमचा ‘हयातीपर्यंत’ म्हणजे तो ‘गरम’.

वहीत तो फक्त भाड्याला चिकटलेला होता. घर बिनशर्त आईचं होतं. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ९५ प्रमाणे मृत्युपत्रात मर्यादा दिसत नसेल तर देणाऱ्याचा पूर्ण हक्क घेणाऱ्याला जातो. म्हणजे आई ते घर विकू शकली असती, गहाण ठेवू शकली असती. टाईप केलेल्या वाक्यात शब्द पुढे येऊन दोन्हींवर बसला. आता आईला मरेपर्यंत राहता येईल, पण विकता येईलच असं नाही. आणि आणखी एक खाच बघा: “घर व दुकानाचे भाडे” याचा अर्थ ‘घराचे भाडे आणि दुकानाचे भाडे’ असाही लावता येतो. मग घर तिला दिलंय की नुसतं त्याचं भाडं? वहीतल्या वाक्यात ‘घर’ आणि ‘भाडे’ यांच्यामध्ये ‘हयातीपर्यंत’ उभा होता, म्हणून ही शंका येत नव्हती.

बडोद्याची_मावशी
पण काका, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बाईला मिळालेलं सगळं तिच्या पूर्ण मालकीचंच होतं ना? कलम १४. मग हयातीपर्यंत लिहिलं काय नि नाही लिहिलं काय!

लश्करकर
मावशी, अर्धं बरोबर. ते कलम १४(१). त्याच्याच खाली १४(२) आहे: मृत्युपत्रानेच मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच राहतो. आता बायकोला पोटगीचा हक्क आधीपासून असतोच, त्या बदल्यात घर मिळालं असं म्हणून १४(१) मागता येतं, १९७७ च्या तुलसम्मा निकालाचा आधार घेऊन. पण या दोन पोटकलमांचा झगडा इतका चिवट आहे की डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोठ्या पीठाकडे पाठवला. ज्या बाईला घर विकून दवाखान्याचं बिल भरायचंय, तिला हा खटला लढायला लावायचा का?

छावणीचा_राजू
मग पेनाने खोडून नीट लिहा नि बाबांची सही घ्या, झालं.

लश्करकर
तेच नको! सहीनंतर केलेली खाडाखोड कलम ७१ प्रमाणे चालत नाही, जोवर त्या दुरुस्तीपाशी बाबांची आणि दोन्ही साक्षीदारांची सही होत नाही. त्यापेक्षा नवं मृत्युपत्र करा. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द, असं सुरुवातीलाच लिहा. आणि ‘व’ने दोन हक्क एका वाक्यात बांधू नका:

“राहते घर पत्नीला पूर्ण मालकीने, विकण्याच्या हक्कासह देत आहे. दुकानाचे भाडे तिला तिच्या हयातीपर्यंत मिळावे.”

तिच्यानंतर दुकान कोणाचं, हे तिसरं वाक्य. ते तर दोन्ही मसुद्यांत दिसत नाही.

रामबागवाली
काका, खूप आभार. आत्ताच बाबांना दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचून दाखवली. चष्मा पुसत म्हणाले, “विकायचा हक्क? तो द्यायचा, असं मी कुठे म्हटलं?” आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नि काही न बोलता परत आत गेली. आता बाबांच्या मनात वहीतलं वाक्य होतं की टाईप केलेलं, तेच कळेना. दादा गालात हसतोय.

लश्करकर
मग आधी लिहू नका. आई-बाबांना दोघांनाच बसू द्या.