'अनपेड वर्क'ला मराठीत काय म्हणावे?

पागोळी: एका अहवालाचे भाषांतर करते आहे. जीडीपीत काय धरत नाहीत, असे प्रकरण आहे. 'अनपेड हाउसहोल्ड वर्क'साठी 'बिनपगारी घरकाम' लिहिले, तर संपादकांचा शेरा आला: "बिनपगारी रजा असते, काम नव्हे." 'विनामोबदला' शासन निर्णयासारखे वाटते. नुसते 'घरकाम' म्हणावे तर पगारी मोलकरणीचे कामही त्यात येते, आणि ते तर जीडीपीत धरतात. काय वापरू?

शेवाळ: 'वेठ' वापरा की. संस्कृत विष्टि, त्यावरून वेठ. बिगार फारसीतून आले. 'वेठबिगार' म्हणजे एकच गोष्ट दोनदा. अस्सल शब्द असताना 'अनपेड'च्या मागे का धावायचे?

उंबरठा: वेठीत जबरदस्ती असते हो. मी माझ्या मुलाला न्हाऊमाखू घालते ती वेठ का?

शेवाळ: रोज घालून बघा, मग सांगा.

चौकोनी: मुळात प्रश्नच चुकीचा आहे. गृहिणीचे काम अंदाजाने धरतातच. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे न दिलेले भाडे जीडीपीत धरतात ना, तसेच.

तळटीप: भाड्याचे बरोबर, कामाचे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत (२००८ची आवृत्ती) रेघ अशी आहे: घरासाठी केलेली वस्तू आत, घरासाठी केलेली सेवा बाहेर. स्वतःच्या घराचे भाडे आणि पगारी नोकर हे अपवाद. म्हणून घरासाठी पाणी वाहून आणणे आत, पण तेच पाणी तापवून मुलाला आंघोळ घालणे बाहेर. धान्य पिकवणे आत, दळणे आत, शिजवणे बाहेर. एकाच बाईची एकच सकाळ, मध्येच रेघ.

उंबरठा: दळणे मोजतात आणि शिजवणे नाही? हे कोणी ठरवले, कधी चूल न पेटवणाऱ्याने?

तळटीप: कारणे दिली आहेत. एक म्हणजे या सेवांना बाजारभाव नसतो. दुसरे जास्त मजेशीर आहे: या सेवा आत घेतल्या तर जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणूस कामावर असल्याचे ठरेल आणि बेरोजगारीच मोजता येणार नाही. पागोळी, तुमच्या प्रकरणात हे उदाहरण चालेल. दोन शेजारणी आपापले मूल सांभाळतात, जीडीपीत शून्य. उद्यापासून पहिलीने दुसरीचे मूल सांभाळायचे, दुसरीने पहिलीचे, आणि एकमेकींना महिना शंभर द्यायचे. व्यवहार नोंदला गेला तर जीडीपी दोनशेने वाढला. मुले तितकीच, दोघींच्या हातात उरलेले पैसेही तितकेच.

चौकोनी: मग बाजारभाव लावा आणि मोकळे व्हा!

तळटीप: कोणता बाजारभाव? सगळे काम करणाऱ्या एका मोलकरणीचा दर, की स्वयंपाकाला आचाऱ्याचा आणि मुलाला दाईचा? की तो तास बाहेर काम करून तिने जे कमावले असते ते? तिसरा हिशेब धरला तर शल्यविशारदाने झाडलेली खोली मजुराने झाडलेल्या खोलीपेक्षा कैक पटीने महाग पडते. खोली सारखीच स्वच्छ. म्हणजे बाहेरची विषमता तुम्ही केरसुणीपर्यंत आणून ठेवलीत.

आगाऊ मुंगी: विषमतेवरून आठवले, 'दरडोई' हा शब्दच आधी बंद करा. दहा डोयांचे हजार एकाच डोईवर असले तरी दरडोई शंभरच.

पागोळी: ते पुढच्या प्रकरणात आहे. आधी हा शब्द सुटू द्या.

उंबरठा: 'मोल' घ्या ना. 'मोलाने केलेले काम' म्हणजे मजुरीचे, 'मोलाचे काम' म्हणजे महत्त्वाचे. म्हणून 'बिनमोलाचे घरकाम'.

शेवाळ: बिनमोल म्हणजे कवडीमोल की अनमोल? वाचक दोन्हीकडे जाईल. आमच्या काकूंनी नोंदणीअर्जात व्यवसायापुढे 'घर चालवणे' लिहिले, कारकुनाने ते खोडून 'काही नाही' केले. काकूंनी पेन मागून घेतले आणि पुन्हा लिहिले.

तळटीप: 'घर चालवणे' छान आहे, पण त्यात बाजारातून नुसते पैसे देऊन आणलेलेही येते. मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्ये कसोटी सांगितली होती: जे पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येईल ते काम. मुलाला भरवणे काम, आपण स्वतः जेवणे नाही. अर्थ तिथे पक्का आहे, शब्द कोणताही घ्या. मी 'विनावेतन' घेईन.

उंबरठा: मुलाशी खेळणे कशात? दाई खेळतेच की. मग तेही काम झाले.

तळटीप: कसोटीप्रमाणे हो. आणि एका बाजूला शिजत असताना दुसऱ्या बाजूला मुलावर लक्ष असेल, तर तो एक तास की दोन, हे दिनक्रमाच्या पाहणीत प्रत्येक ठिकाणी वेगळे ठरते. बऱ्याचदा मुलावरचे लक्ष गळते.

शेवाळ: 'विनावेतन' अर्धे पुस्तकी, अर्धे कचेरीचे. 'वेठ'ला काय वाईट होते?

चौकोनी: भाड्याचे माझे बरोबर होते, हे नोंदवून ठेवा.

पागोळी: संपादकांना 'विनावेतन' आणि 'बिनमोलाचे' दोन्ही पाठवले. त्यांनी उलट विचारले, 'हाउसहोल्ड'ला 'घर' का, 'कुटुंब' का नाही?